गड म्हणजे डोंगर, दुर्ग म्हणजे समुद्र? नाव बघून किल्ला ओळखायचा कसा

ट्रेकला जाणाऱ्या कुठल्याही ग्रुपमधे कधी ना कधी हा प्रश्न निघतोच, की बाबा काही किल्ल्यांच्या नावात गड असतं आणि काहींच्या दुर्ग, तर फरक काय. आणि कोणीतरी लगेच उत्तर देतं, गड म्हणजे डोंगरावरचा आणि दुर्ग म्हणजे पाण्यातला. रायगड, राजगड, प्रतापगड डोंगरावर, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, पद्मदुर्ग पाण्यात, झालं, विषय संपला. मी पण बरीच वर्षं हेच सांगत आलो होतो आणि उत्तर अगदीच चुकीचं नाही, पण अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं जास्त इंटरेस्टिंग आहे म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

आधी नियम कुठे मोडतो ते बघू. मालवणला सिंधुदुर्गाच्या जवळच, पाण्यातल्याच एका छोट्या बेटावर जो किल्ला आहे त्याचं नाव पद्मगड, म्हणजे पाण्यात असून गड. जयगड, पूर्णगड, देवगड ही सगळी कोकण किनाऱ्यावरची, खाडीच्या तोंडाशी बसून येणाजाणाऱ्या जहाजांवर नजर ठेवणारी ठिकाणं, सह्याद्रीच्या डोंगराशी त्यांचा काही संबंध नाही, तरी नावात गड. उलट बाजूने बघा, नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, बोरी नदीच्या काठचा भुईकोट. आणि कर्नाटकात उतरलात तर नियम पूर्ण उलटाच होतो, चित्रदुर्ग, कवलेदुर्ग, नंदीदुर्ग हे सगळे डोंगरावरचे किल्ले आहेत आणि तिकडे दुर्ग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर डोंगरच येतो.

म्हणजे शब्दातच समुद्र नाहीये. दुर्ग हा संस्कृत शब्द, दुर् अधिक गम, जिथे जायला अवघड आहे ती जागा, दुर्गम याच कुटुंबातला. ते अवघडपण कशामुळे आलं ते सांगायला पुढे शब्द जोडायचे, डोंगरामुळे असेल तर गिरिदुर्ग, पाण्यामुळे असेल तर जलदुर्ग, जंगलामुळे असेल तर वनदुर्ग. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात असे चार प्रकार दिलेत, पाण्याचा, डोंगराचा, वाळवंटाचा आणि वनाचा. मनुस्मृतीत सहा आहेत आणि त्यात डोंगराचा सगळ्यात चांगला असं सरळ म्हटलंय. तर जुन्या शास्त्राच्या भाषेत आपला रायगड पण दुर्गच, नुसता दुर्ग नाही तर पहिल्या नंबरचा दुर्ग.

मग गड काय आहे? गड हा बोलण्यातला शब्द आहे. गड, हिंदीतला गढ, गावातली गढी हे सगळे एकाच कुळातले. हे कानानेच ओळखता येतं बघा, आपण गडावर जातो, गड चढतो, गड उतरतो, गडावर राहून पहारा करणारा तो गडकरी, आणि त्याचंच पुढे आडनाव झालं. दुर्गकरी असा शब्द कोणी कधी ऐकलाय? नाही. दुर्ग येतो तो दुर्गसंवर्धन, दुर्गभ्रमंती, दुर्गप्रेमी असल्या जोडशब्दांत, म्हणजे लिहिताना, भाषण करताना, संस्थेचं नाव ठेवताना. खांद्यावर सॅक टाकून निघालेला माणूस मी दुर्गावर चाललोय असं म्हणत नाही. तिसरा शब्द किल्ला, तो अरबी-फारसीतून आलेला, आणि तो कागदोपत्री इतका रुळला की आजही आपण किल्ले रायगड, किल्ले प्रतापगड असं म्हणतो, दोन्ही शब्द एकापुढे एक ठेवून, आणि कोणाला ते खटकत पण नाही.

हे तिन्ही शब्द एकाच ठिकाणी बघायचे असतील तर मराठा राज्यकारभाराचे नियम सांगणारं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बघा. त्यातलं सगळ्यांना पाठ असलेलं वाक्य आहे ‘संपूर्ण राज्याचे सार ते दुर्ग’. इथे तत्त्व सांगायचंय म्हणून दुर्ग. पण तिथेच पुढे प्रत्यक्ष कामाचं बोलणं सुरू होतं, किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा दोष आहे, गडाभोवतीची झाडी राखा, तिथे किल्ला आणि गड हे शब्द येतात. एकाच कागदात तिन्ही, आणि वस्तू एकच. दुर्ग म्हटलं म्हणून पंतांच्या डोक्यात समुद्र नव्हता.

तर मग समुद्राशी दुर्ग चिकटला कसा? मला वाटतं याचं मोठं कारण सिंधुदुर्ग हे नावच आहे. नोव्हेंबर १६६४ मधे मालवणच्या कुरटे बेटावर त्याचं बांधकाम सुरू झालं आणि नाव ठेवलं सिंधुदुर्ग, म्हणजे शब्दशः समुद्रातला दुर्ग. जलदुर्ग हा शास्त्रातला प्रकार, तोच जवळपास विशेषनाम म्हणून बसवला. घेरियाचा विजयदुर्ग झाला, जंजिऱ्याला शह द्यायला कांसा खडकावर उभा राहिला तो पद्मदुर्ग, हर्णैचा सुवर्णदुर्ग. शिवकाळात राज्यकारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत आणायचा प्रयत्न चालू होता, त्यासाठी राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि त्यात किल्ल्यांच्या शब्दांचा दुर्गवर्ग असा वेगळा भागच आहे. आरमारी ठाणी ही त्या काळातली नवी गोष्ट, नव्या गोष्टीला नवं भारदस्त नाव मिळालं. डोंगरी किल्ल्यांचं तसं नव्हतं, त्यांना लोकांच्या तोंडची नावं आधीपासून होती. मोठे प्रसिद्ध जलदुर्ग म्हणून जी चार नावं आपल्याला पाठ असतात ती सगळी दुर्गवाली निघाली आणि शाळेत त्यावरून नियम तयार झाला.

आता डोंगराकडेच राहू, कारण खरी मजा तिथे आहे.

आपल्याला वाटतं की सह्याद्रीतल्या किल्ल्यांच्या नावाला गड पहिल्यापासून लागलेलं होतं. तसं नाहीये, आणि ते तपासायला एक फार चांगला कागद आहे, पुरंदरच्या तहातली यादी. जून १६६५, मिर्झाराजे जयसिंग आणि शिवाजी महाराज यांच्यात तह झाला, महाराजांनी २३ किल्ले मुघलांना द्यायचे आणि १२ स्वतःकडे ठेवायचे असं ठरलं. त्या २३ ची नावं सलग वाचून बघा. पुरंदर, कोंढाणा, रोहिडा, तिकोना, माहुली, मुरंजन, कोहोज, कर्नाळा. गड कुठेय? लोहगड आहे, सोनगड, मानगड आहेत, अजून काही आहेत, पण यादीतला मोठा भाग असाच उघडा, शेपूट नसलेला. मुरंजन म्हणजे आजचा प्रबळगड. रोहिड्याला विचित्रगड असं नाव आहे पण इथे तो नुसता रोहिडा.

आणि त्याच यादीत खिरदुर्ग, भंडारदुर्ग, नरदुर्ग अशी नावं आहेत. यातलं भंडारदुर्ग बघा. आसनगावजवळचा माहुली ज्यांनी केलाय त्यांना माहिती असेल, तो एकटा किल्ला नाही, एकाच डोंगरावर घळींनी तुटलेले तीन भाग आहेत, मधे माहुली आणि दोन बाजूंना पळसगड आणि भंडारगड. तहातला भंडारदुर्ग तो हाच भंडारगड. म्हणजे एकच किल्ला, समुद्राशी काही देणंघेणं नाही, शहापूर तालुक्यातल्या डोंगरावर बसलेला, कागदात दुर्ग आणि आज आपल्या तोंडात गड. शेवटचा शब्द किती सैल होता याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

म्हणून मी असं बघतो की डोंगरी किल्ल्याच्या नावात दोन थर असतात. खालचा थर जुना, डोंगराचा, देवीचा नाहीतर गावाचा, भोरप्याचा डोंगर, मुरुंबदेवाचा डोंगर, रायरी, खेळणा, परळी, तोरणा, कोंढाणा. वरचा थर राज्याने दिलेला आणि गड बहुतेक वेळा या वरच्या थराबरोबर येतो. भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड, मुरुंबदेवावर राजगड, रायरीचा रायगड, खेळण्याचा विशाळगड, परळीचा सज्जनगड, तोरण्याचा प्रचंडगड. गड लागला याचा अर्थ डोंगराची उंची बदलली असा नाही, याचा अर्थ कोणीतरी तो डोंगर आपल्या हिशेबात घेतला. आता तिथे हवालदार असणार, सबनीस असणार, कारखानीस असणार, धान्याची कोठी आणि दारूगोळ्याची नोंद असणार. औरंगजेबाने पण नंतर हेच केलं, रायगडाचं नाव इस्लामगड ठेवलं आणि राजगडाचं नबीशाहगड, पुढचा भाग बदलला पण गड तसाच ठेवला, कारण तो शब्द कोणा एका सत्तेचा नव्हताच.

सगळीच वरची नावं टिकली नाहीत हे पण बघण्यासारखं आहे. राजगड, प्रतापगड, रायगड टिकली, आणि यात राजगड-प्रतापगडाचं बांधकामच जवळपास नव्याने झालेलं होतं, राजधानी तिथे, पत्रं तिथून सुटायची, माणसांची रोजची येजा, त्यामुळे जुनं डोंगराचं नाव मागे पडलं. पण तोरण्याला प्रचंडगड कोण म्हणतं? वेल्ह्यात जाऊन विचारा, तोरणाच. सिंहगडाची गोष्ट मधलीच आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या बलिदानावरून नाव पडलं असं आपण ऐकत आलो, ती लढाई १६७० ची, पण १६६३ च्या महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव येतं. म्हणजे स्वराज्याच्या कागदात सिंहगड चालू होतं आणि दोनच वर्षांनी तहाच्या यादीत तोच किल्ला कोंढाणा म्हणून लिहिला जात होता. आणि लोकांनी तर दोन्ही जपली, ‘आधी लगीन कोंढाण्याचं’ यात जुनं नाव आणि ‘गड आला पण सिंह गेला’ यात नवीन.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो, नावावरून किल्ल्याचं काम कळतं का? म्हणजे हा किल्ला टेहळणीचा होता, घाट राखायचा होता, की फौज आणि खजिना ठेवायचा होता? नुसत्या गड-दुर्गवरून अजिबात कळत नाही. नावाचा पुढचा भाग थोडं सांगतो, बाकीचं डोंगर सांगतो. एक जागा घेऊन बघू म्हणजे पटेल, पवन मावळ.

लोणावळ्याच्या दक्षिण-पूर्वेला लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे चार किल्ले एकमेकांना दिसतील असे उभे आहेत. बोरघाटाने कोकणातून वर येणारा रस्ता एका बाजूला आणि पवना नदीचं खोरं दुसऱ्या बाजूला, या चौघांचं काम ही दोन्ही राखणं. १६६५ च्या यादीत चारही आहेत. आता त्यांची नावं बघा. लोहगडाला गड लागलाय. विसापूर तर चक्क पूर, नाव वाचून कोणाला वाटेल गाव आहे, आणि तहाच्या यादीत तो इसागड म्हणून येतो. तुंगचं दुसरं नाव कठीणगड, तिकोन्याचं वितंडगड. म्हणजे गडाच्या हिशेबाने कठीणगड आणि लोहगड एकाच लायनीतले झाले.

प्रत्यक्षात जाऊन बघा. तुंग म्हणजे सरळ वर गेलेला सुळका, वरती तुंगादेवीचं मंदिर आणि आजूबाजूला फिरायला सुद्धा फारशी जागा नाही. पाण्याची सोय मोजकी. इथे पाचशे माणसं कोंबायची म्हटली तरी ती राहणार कुठे आणि पिणार काय. पण वर उभं राहिलं की खाली पवनेचं अख्खं खोरं, आज तिथे धरणाचं पाणी आहे, आणि समोर बाकीचे तिन्ही किल्ले. ही टेहळणीची जागा आहे, मूठभर माणसं, डोळे उघडे, काही हललं की लोहगडाला खबर. कठीणगड हे नाव खरंच आहे, चढायला कठीण, पण ते त्याचा आकार सांगतं, काम नाही. तिकोना पण तसाच, तीन कोनांचा म्हणून तिकोना, नावात नुसती आकृती.

आता लोहगड. एकामागे एक चार दरवाजे, गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, वाट अशी वळवत नेलीय की चढणारा माणूस सतत वरच्या तटाच्या माऱ्यात राहतो. वर ऐसपैस माथा, टाकी, तलाव, कोठारांच्या जागा, आणि लांब निघालेली विंचूकाटा माची. पेशवाईत नाना फडणवीसांनी इथे बांधकाम करून घेतलं, मोठं तळं बांधलं. एवढे दरवाजे आणि एवढं पाणी टेहळणीच्या चौकीला लागत नाही, हे माणसं, धान्य आणि किमती माल ठेवायचं ठाणं आहे. काम ओळखायचं ते असं, माथ्यावर जागा किती, पाणी किती, दरवाजे किती, आणि खालून कुठला घाट जातो. पाटीवरचं नाव त्यानंतर.

अजून एक खूण आहे, ती डोंगरावर नाही, पायथ्याला सापडते. गडाच्या भोवतीची जमीन आणि वस्ती म्हणजे घेरा, चढणीवर मधेमधे बसवलेल्या पहाऱ्याच्या वस्त्या म्हणजे मेटं. कोकणातल्या खेड तालुक्यात घेरा रसाळगड, पालीकडे घेरा सुधागड अशी गावांची नावं अजून आहेत. नावात घेरा दिसला की समजायचं हा डोंगर एकटा नव्हता, त्याला पोसणारी आणि राखणारी गावं ठरवून दिलेली होती. आणि शत्रूला पण हे माहिती असायचं. १६६५ मधे पुरंदरला वेढा चालू असताना जयसिंगाने फौजेच्या तुकड्या याच पवन मावळात पाठवल्या, आणि त्यांनी लोहगड, विसापूर, तुंग, तिकोन्याच्या पायथ्याची गावं लुटली आणि जाळली. किल्ल्याच्या तटाशी डोकं आपटण्यापेक्षा किल्ला ज्याच्यावर जगतो ते तोडायचं.

आता राहिला विसापूर, आणि मला या चौघांत सगळ्यात महत्त्वाचा तोच वाटतो. नाव गावासारखं, लोहगडाला खेटून, मधे फक्त खिंड, पण माथा प्रचंड मोठा आणि उंचीला लोहगडापेक्षा जरासा जास्त. हा जरासाच घात करतो. जोडकिल्ल्यात नावावरून धाकटा वाटणारा किल्ला खरं तर मोठ्याच्या गळ्याची दोरी असतो. पुरंदर आणि वज्रगडाचं बघा, वज्रगड म्हणजे जुना रुद्रमाळ, पुरंदरला लागून, मधे भैरवखिंड, उंचीला थोडा कमीच, पण तोफा चढवल्या की तिथून पुरंदरची माची सरळ टप्प्यात येते. दिलेरखानाने पहिली धडक पुरंदरला दिलीच नाही, आधी वज्रगड फोडला, एप्रिल १६६५ मधे तो पडला आणि मग तोफांची तोंडं पुरंदरकडे वळली. मुरारबाजी देशपांडे त्यानंतरच्या झुंजीत पडले आणि जूनमधे तह झाला. वज्रगड हे नाव ऐकून वाटेल वज्रासारखा अभेद्य, पण त्याचं खरं काम होतं पुरंदरचा दरवाजा म्हणून टिकून राहणं. आज्ञापत्रात तर हे नियम म्हणूनच लिहिलंय, किल्ल्याच्या जवळ मारा करता येईल असा डोंगर असू नये, असला तर सुरुंग लावून तो उतरवावा, आणि तेही जमण्यासारखं नसेल तर तोही बांधून ताब्यात ठेवावा. बरेचसे जोडकिल्ले असे जन्माला आलेत, दुसऱ्या डोंगराची हौस म्हणून नाही तर तो मोकळा सोडणं परवडत नाही म्हणून.

लोहगड-विसापूरचं तेच झालं, फक्त दीडशे वर्षांनी. मार्च १८१८, इंग्रजांची फौज वर आली आणि त्यांनी चार दरवाज्यांच्या लोहगडाला हातच लावला नाही, ४ मार्चला आधी विसापूर घेतला. विसापूरवर शत्रूच्या तोफा आल्यावर लोहगडात बसण्यात अर्थ नव्हता, दुसऱ्याच दिवशी लोहगड रिकामा झाला. नंतर इंग्रजांनी विसापूरचे दरवाजे उडवून टाकले, आज तिथे चढताना दरवाज्याच्या जागी पडलेले दगडच लागतात, आणि खिंडीपलीकडे लोहगडाचे चारही दरवाजे अजून उभे आहेत.